फोटोतला पेपर आणि हरवलेला विसर्ग

पोलीस भरतीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा पेपर संपला, की संध्याकाळपर्यंत त्याचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात. कुणीतरी पेनाने एका पर्यायावर खूण केलेली असते आणि पुढचे सगळे तेच उत्तर पाठ करतात. इतिहासाच्या प्रश्नात फोटो थोडा पुसट असला तरी भागते. संधीच्या प्रश्नात मात्र सगळा खेळ विसर्गाच्या दोन टिंबांचा किंवा अक्षराखालच्या बारीक रेघेचा असतो, आणि फोटोत नेमके तेच आधी उडते.

समजा, प्रश्न आहे: ‘नीरस’ या शब्दाची योग्य फोड कोणती? पर्याय दिसतात ते असे: नि + रस, नी + रस, पुन्हा नि + रस, आणि निरा + रस. एकच पर्याय दोनदा छापलेला दिसला, की समजा तिथे काहीतरी पुसले गेले आहे. फोटो मोठा करून पाहा. दोन्हींपैकी एका ‘नि’पुढे विसर्ग असणार.

टिंबे दिसलीच नाहीत, तरी उत्तर शब्दातूनच काढता येते. ‘नि’ आणि ‘रस’ नुसते जोडले तर ‘निरस’ होईल, नि ऱ्हस्वच राहील. इथे तो दीर्घ झाला आहे आणि त्याला कारण हवे. नियम असा, की विसर्गाच्या आधी ऱ्हस्व इ किंवा उ असेल आणि पुढे र आला, तर विसर्ग जातो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. म्हणून निः + रस = नीरस. ‘नी + रस’ दिसायला बरोबर वाटते, पण ‘नाही’ या अर्थाचा उपसर्ग ‘निः’ आहे, ‘नी’ नव्हे. याच ‘निः’पुढे स्वर आला तर विसर्गाचा र् होतो आणि नि ऱ्हस्व राहतो: निः + अंतर = निरंतर. दोन्ही शब्द शेजारी लिहून पाहिले, की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. (याच हिशेबाने ‘नीरोग’मधला नी दीर्घ. रोजच्या लिहिण्यात तो सर्रास ऱ्हस्व दिसतो, ती गोष्ट वेगळी.)

पाय मोडलेल्या अक्षराचेही तसेच. ‘जगन्नाथ’च्या पर्यायांत जगन् + नाथ आणि जगत् + नाथ दोन्ही असतात आणि कानाला पहिला जवळचा वाटतो. इथे त्याच कुळातला दुसरा शब्द आठवा: जगदीश. तिथे न् नाही, द् आहे. म्हणजे मूळ शब्द ‘जगत्’च. पुढे स्वर आला तेव्हा त् चा द् झाला, पुढे न आला तेव्हा न् झाला.

समासात अडचण उलटी असते. खूण ठळक दिसते आणि तीच फसवते. ‘नवरात्र’ म्हणजे नऊ रात्रींचा समूह, म्हणून द्विगू. मग ‘दशानन’मध्येही संख्या आहे, तोही द्विगू? नाही. आपण दहा तोंडांच्या समूहाबद्दल बोलत नाही, दहा तोंडे असलेल्या रावणाबद्दल बोलतो. दोन्ही पदांच्या बाहेरच्या तिसऱ्याचा बोध झाला, की तो बहुव्रीही.

‘पीतांबर’ आला तर वाक्य पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नका. ‘काका पीतांबर नेसून पूजेला बसले’ यात तो पिवळे वस्त्र आहे, म्हणून कर्मधारय. ‘पीतांबराला तुळस वाहिली’ यात तो पिवळे वस्त्र नेसलेला विष्णू आहे, म्हणून बहुव्रीही. फोटोत वरची ओळ कापली गेली असेल, तर पूर्ण पान मागवा. त्या खुणेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

अलंकारांत अशीच फसवी खूण म्हणजे ‘सारखा’. क्लासमध्ये शिकवतात: सारखा, सम, प्रमाणे दिसले की उपमा, जणू, भासे दिसले की उत्प्रेक्षा. बहुतेक वेळा ते चालतेही. पण हे वाक्य घ्या: ‘आजीच्या पुरणपोळीसारखी आजीचीच पुरणपोळी.’ ‘सारखी’ आहे, तरी ही उपमा नव्हे. उपमेला दोन वेगळ्या गोष्टी लागतात, जिची तुलना करायची ती आणि जिच्याशी करायची ती. इथे पोळीची तुलना त्याच पोळीशी आहे, कारण दुसरी जोडच नाही. हा अनन्वय. तेच ‘आजीची पुरणपोळी सायीसारखी मऊ’ म्हटले, की साय ही वेगळी वस्तू आली आणि उपमा झाली. ‘आजीची पुरणपोळी म्हणजे जणू सायच’ म्हटले तर उत्प्रेक्षा. ‘ही पुरणपोळी नव्हे, सायच आहे’ असे म्हणून मूळ वस्तूच नाकारली, तर अपन्हुती.