वाक्याचा कर्ता कोण? लिंक्डइनवरचा परिचय पुन्हा लिहिताना

आज आपण लिंक्डइनच्या ‘अबाउट’ या एकाच चौकोनाबद्दल बोलणार आहोत. तिथे २६०० अक्षरं मावतात. पण पान उघडणाऱ्याला सुरुवातीच्या दोन-चार ओळीच दिसतात, बाकीचं बघायला त्याला क्लिक करावं लागतं. म्हणजे पहिल्या वाक्यातच कोण बोलतंय आणि ते काय करतात, हे कळायला हवं.

एक नमुना घेऊ. हा मी तयार केलेला आहे, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल. चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करणारे गृहस्थ लिहितात: ‘डायनॅमिक, रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल. ही हॅज स्पीअरहेडेड कॉस्ट ऑप्टिमायझेशन. रिस्पॉन्सिबल फॉर व्हेंडर मॅनेजमेंट. आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट सप्लाय चेन एक्सलन्स.’

चार वाक्यं आहेत. आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येकाचा कर्ता शोधा. पहिल्यात कर्ता नाही. दुसऱ्यात ‘तो’. तिसऱ्यात पुन्हा कोणी नाही. चौथ्यात एकदम ‘मी’ उगवतो! हे होतं कसं, तर तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. कर्ता गाळलेली वाक्यं बायोडेटामधून, ‘तो’ कंपनीच्या माहितीपत्रकातून, आणि शेवटचं वाक्य स्वतः बसून लिहिलेलं. वर तुमचा फोटो आहे, तुमचं नाव आहे. मग ‘तो’ म्हणून कोण बोलतंय?

मराठीत लिहिणारे म्हणतील, आमच्याकडे ही भानगड नाही. आहे की! आपण ‘करण्यात आले’, ‘राबवण्यात आली’ असं लिहितो. सरकारी परिपत्रकाची ही सवय. तिच्यात करणारा माणूसच नाहीसा होतो.

तर पहिलं काम: चारही वाक्यांत ‘मी’ घाला. अजून शब्द बदलू नका. नुसतं ‘मी’ घालून मोठ्याने वाचा. ‘मी खर्चाच्या सुसूत्रीकरणाचं नेतृत्व केलं.’ लगेच मनात येतं, म्हणजे नक्की काय केलंत? ‘तो’ असताना हा प्रश्न पडत नव्हता. म्हणून मी हाच क्रम धरायला सांगतो, आधी कर्ता आणि मग क्रियापद. उलट केलंत तर पोकळ शब्दाच्या जागी दुसरा पोकळ शब्द बसतो. ‘स्पीअरहेड’ जातो आणि ‘ड्राइव्ह’ येतो.

क्रियापदाची माझी कसोटी साधी आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते करताना दिसलं असतं का? ‘ऑप्टिमाइझ’ करताना कोणी दिसत नाही. मोजताना, भाव ठरवताना, ऑर्डर रद्द करताना, वेळापत्रक बनवताना दिसतं. आपल्या गृहस्थांना विचारलं, तर समजा असं निघालं:

‘मी वाहनांच्या पत्र्याच्या भागांची खरेदी पाहतो. २८ पुरवठादारांशी माझा रोजचा संबंध असतो. २०२२ मध्ये मी त्यांच्या उशिरा आलेल्या मालाची नोंद तपासली आणि सर्वात जास्त उशीर करणाऱ्या सहा जणांशी दर आठवड्याचा पुरवठा ठरवून घेतला. त्यानंतर वर्षभरात आमचा साठा २१ दिवसांवरून १२ दिवसांवर आला.’

यात विशेषण जवळजवळ नाही, तरी माणूस दिसतो. शेवटच्या वाक्यात ‘मी साठा कमी केला’ असं नाही, याकडे लक्ष द्या. साठा कमी होण्यात स्टोअरमधल्यांचा, उत्पादन विभागाचाही हात असतो. ‘मी’ घातला की हा धोका येतोच, सगळ्यांचं काम आपल्या नावावर जमा होतं. मुलाखतीत कोणी विचारलं, ‘वेळापत्रक कोणी आखलं?’ आणि उत्तर ‘आमच्या साहेबांनी’ असं असेल, तर पंचाईत. जे स्वतः केलं तिथे ‘मी’, जे मिळून झालं तिथे ‘आम्ही’. एवढी सरमिसळ चालते. ‘तो’ मात्र नको.

प्रत्येक वाक्य ‘मी’नेच सुरू झालं तर कानाला टोचतं, हे खरं. त्यासाठी ‘मी’ गाळू नका, जागा बदला. वर ‘२०२२ मध्ये मी’ असं केलंय ना, तसं.

आणि छाटताना एक सांभाळा. ‘सॅप’, ‘प्रोक्युअरमेंट’, ‘शीट मेटल’ हे शब्द इंग्रजी दिसतात म्हणून काढू नका. ती कामाची नावं आहेत. माणसं शोधणारे हेच शब्द टाइप करतात. ‘डायनॅमिक’ टाइप करून खरेदी अधिकारी कोण शोधेल? पुरवठादारांची नावं आणि ठरलेले भाव मात्र लिहू नका, ते कंपनीचे आहेत. साठ्याचे दिवस बाहेर सांगायला मनाई असेल, तर आकडा सोडा आणि क्रियापद ठेवा. ‘सहा जणांशी दर आठवड्याचा पुरवठा ठरवून घेतला’ हे वाक्य आकड्याच्या आधाराशिवायही उभं राहतं.