रेंज फुल्ल, नेट गुल

विंचूरच्या चौफुलीवर किंवा कांद्याच्या लिलावात उभं राहिलं, की एक तक्रार हमखास कानावर येते: ‘रेंज फुल्ल दिसतेय, पण नेट काही चालत नाही.’ बोलणाऱ्याला वाटतं मोबाइल बिघडला किंवा रिचार्ज संपलं. खरं तर त्या दांड्या फक्त एवढंच सांगतात, की तुमच्या मोबाइलला समोरचा टॉवर नीट ऐकू येतो आहे. टॉवरच्या मागे काय चाललं आहे, हे दांड्यांना कळत नाही. आणि टॉवर हे काही शेवटचं ठिकाण नव्हे.

तुम्ही पाठवलेला फोटो टॉवरपर्यंत हवेतून जातो, तिथून पुढे त्याला कंपनीच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जायचं असतं. तुमचं सिम खरं आहे का, पॅकमध्ये किती डेटा उरला, फोन कुणाला जोडायचा, इंटरनेटचा दरवाजा कुठला, हे सगळं तिथे ठरतं. ही यंत्रणा मोठ्या शहरांत असते. टॉवर ते यंत्रणा या वाटेला दूरसंचार क्षेत्रातली माणसं ‘बॅकहॉल’ म्हणतात. विंचूरसारख्या गावातून ही वाट दोनच प्रकारांनी निघते: जमिनीखालून काचेच्या तंतूने, म्हणजे फायबरने, नाहीतर टॉवरवरच्या गोल डिशमधून हवेतून, म्हणजे मायक्रोवेव्हने. टॉवरकडे कधी मान वर करून पाहा. उभ्या लांबट पेट्या आपल्या मोबाइलशी बोलतात. ढोलासारखी गोल झाकणाची डिश दुसऱ्या टॉवरशी बोलते.

आधी डिशचं घेऊ, कारण पावसाळ्यातली बरीच गंमत तिथेच घडते. समजा, विंचूरच्या एका टॉवरला फायबर मिळालेलं नाही, पण लासलगावच्या बाजूच्या टॉवरला आहे. मधलं अंतर हिशेबासाठी ८ किलोमीटर धरू. दोन्हीकडे ६० सेंटीमीटर व्यासाची डिश आणि १५ गिगाहर्ट्झची लहर. डिशमधून निघालेला झोत साधारण सव्वादोन अंशांचा असतो. म्हणजे ८ किलोमीटरवर पोचेपर्यंत तो जेमतेम तीनशे मीटर रुंद होतो. वाऱ्याने क्लॅम्प थोडा जरी फिरला, तरी समोरच्या डिशला कमी ऐकू येऊ लागतं.

दोन डिशना एकमेकी दिसल्या, की काम झालं असं वाटतं, पण तेवढं पुरत नाही. लहर दोरीसारखी सरळ जात नाही; दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली जागा तिला लागते. आपल्या उदाहरणात मध्यावर हा फुगवटा मधल्या रेषेपासून सव्वासहा मीटरपर्यंत जातो आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर जमीन जवळजवळ एक मीटर वर आल्यासारखी होते. म्हणून सर्व्हेला आलेला इंजिनिअर वाटेतली लिंबाची झाडं, पाण्याच्या टाक्या, नवी बांधकामं मोजत फिरतो. आज मोकळी असलेली वाट पाच वर्षांनी वाढलेल्या झाडाने अडू शकते. तेव्हा सिग्नल एका दिवसात पडत नाही, महिन्यामहिन्याने खालावत जातो.

कोरड्या हवेत अशा लिंकवर सिग्नल साधारण उणे ४० डीबीएमच्या आसपास वाचायला मिळतो. तो भरपूर असल्यामुळे यंत्र प्रत्येक ठोक्याला ८ बिट पाठवतं आणि २८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमधून सेकंदाला साधारण १८० मेगाबिट जातात. आता वळवाचा जोराचा पाऊस आला. १५ गिगाहर्ट्झची लहर फक्त २ सेंटीमीटर लांबीची असते आणि पावसाचे टपोरे थेंब तिची शक्ती शोषतात, उधळतात. ताशी ८० मिलिमीटरच्या दराने कोसळणाऱ्या सरीत ८ किलोमीटरच्या वाटेवर ३० डेसिबलच्या घरात घट होऊ शकते. ३० डेसिबल म्हणजे हजाराव्या भागावर. एवढ्या क्षीण आवाजात ८ बिट ओळखता येत नाहीत, म्हणून यंत्र आपणहून बोलणं सावकाश करतं: ठोक्याला ४ बिट, अगदीच कठीण झालं तर २. लिंक तुटत नाही, पण १८० चे ८०-९० होतात, कधी ४०. फोनवरचं बोलणं थोड्या जागेत मावतं आणि त्याला पहिला मान असतो, म्हणून ते चालू राहतं, व्हिडिओ अडकतो. टॉवरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या दांड्या मात्र तशाच भरलेल्या. सर ओसरली, की काही मिनिटांत गाडी पूर्वपदावर.

फायबरला पावसाचं भय नाही. केसाएवढ्या, १२५ मायक्रॉन जाडीच्या काचेत मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून प्रकाश जातो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची किलोमीटरमागे घट फक्त ०.२ डेसिबल, आणि सेकंदाला दहा गिगाबिट ही तिथली साधी गोष्ट. गाव ५जीवर आलं, की अशा डिशची ताकद अपुरी पडते आणि बहुतेकदा फायबर ओढावं लागतं. अडचण असते ती खोदाईची: ग्रामपंचायत, बांधकाम खातं, महामार्ग, कुठे रेल्वेचे रूळ, प्रत्येकाची परवानगी लागते. डिश परवाना हाती असला, तर दोन-चार दिवसांत उभी राहते.

आणि फायबरचा वैरी म्हणजे जेसीबी. रस्ता रुंद करताना, पाइपलाइनची चारी काढताना एक फाळ बसला, की सगळं बंद. अशा वेळी टॉवरचा मुख्य यंत्रणेशी संबंधच तुटतो. बरेच टॉवर मग स्वतःहून गप्प होतात, आणि दांड्याच जातात किंवा दूरच्या टॉवरची एखादी उरते.

तुटलं कुठे, हे शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. ते प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तुटल्या टोकावरून परत येणाऱ्या प्रकाशाचा वेळ मोजतं. काचेत प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो, जाऊन-येऊन १०. यंत्राने ११२ मायक्रोसेकंद दाखवले, तर तुटलेलं टोक ११.२ किलोमीटर केबलवर आहे. पण रस्त्यावर तेवढं मोजून खोदायला लागलात तर फसाल. चेंबरमध्ये ठिकठिकाणी जादा केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं, म्हणून रस्त्याचं अंतर केबलपेक्षा कमी भरतं. अनुभवी माणूस थोडा अलीकडे थांबतो आणि ताजी माती कुठे दिसते ते बघतो. मग तंबू ठोकून एकेक तंतू जोडला जातो, ठरलेल्या रंगक्रमाने: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... काचेची टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून चिकटवायची. २४ तंतूंची केबल असली, तर रात्र सहज जाते.

शहाणी कंपनी म्हणूनच केबलचं कडं करते. एका बाजूने तुटलं, तर दुसऱ्या बाजूने वाट. पण दोन्ही बाजू एकाच रस्त्याकडेच्या चारीतून गेल्या असतील, तर ते कडं कागदावरच राहतं. माझ्या मते खेड्यातल्या टॉवरला फायबर दिलं, तरी जुनी डिश उतरवू नये.

यातून ग्राहकालाही अंदाज बांधता येतो. पावसाबरोबर मंदावून पावसाबरोबरच सुधारलं, तर संशय डिशवर घ्या. कोरड्या दिवशी आजूबाजूच्या गावांतही एकदम बंद पडलं, कदाचित दोन कंपन्यांचं एकाच वेळी, तर कुठेतरी केबल तुटली आहे. रोज संध्याकाळीच मंद होत असेल, तर गर्दी आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता वेळ, पाऊस आणि दुसऱ्या कंपनीची अवस्था सांगा.

आणि शेतात पाइपलाइन नेताना रस्त्याकडेला चारी काढणार असाल, तर आधी केबलच्या खुणेचे दगड शोधा आणि केंद्र सरकारच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅपवर नोंद करा. २०२३ च्या मार्चमध्ये ते त्यासाठीच सुरू झालं आहे.