चार वेळा तोच ‘नि’

जॅझ म्हणजे सुचेल ते वाजवणं, हा समज बहुतेकांच्या मनात असतो. पियानोवादकाच्या हाताखाली येणाऱ्या अनोळखी कॉर्ड्स ऐकून तसं वाटणं साहजिक आहे. पण त्यातल्या बऱ्याचशा कॉर्ड्सची जागा कडक हिशेबाने ठरलेली असते आणि तो हिशेब घरातल्या पेटीवरही तपासता येतो. त्यासाठी जेरोम कर्न यांच्या ‘ऑल द थिंग्ज यू आर’ या गाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. हे गाणं १९३९ सालच्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या संगीतनाट्यातलं. नाटक फार चाललं नाही, पण गाणं जॅझवाल्यांनी उचललं आणि ते आजही वाजवलं जातं.

सुरुवात टू-फाइव्ह-वनपासून. सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर उभ्या केलेल्या तीन कॉर्ड्स ओळीने वाजवल्या की हा क्रम तयार होतो. रेवरची कॉर्ड म्हणजे रे-म-ध-सा, पवरची प-नि-रे-म आणि सावरची सा-ग-प-नि. हा क्रम म्हणजे खर्जात बेसने रे, प, सा अशा उड्या मारणं, असं शिकणाऱ्याला वाटतं. उड्या असतात हे खरं, पण क्रमाचा जीव मधल्या दोन स्वरांत असतो. प्रत्येक कॉर्डमधला फक्त तिसरा आणि सातवा स्वर ठेवा, बाकी सोडून द्या. पहिल्या कॉर्डमध्ये उरतात म आणि सा, दुसरीत म आणि नि, तिसरीत ग आणि नि. म्हणजे आधी सा अर्ध्या स्वराने उतरून निवर येतो आणि म जागेवर थांबतो. मग म अर्ध्या स्वराने उतरून गवर येतो आणि नि थांबतो. एका वेळी एकच बोट हलतं आणि तेही शेजारच्या पट्टीवर. घरी पोचल्यासारखं जे वाटतं, ते यामुळे. बेस गप्प ठेवून हे दोन स्वर वाजवले तरी क्रम ओळखू येतो.

आता मधल्या कॉर्डमधली म आणि नि ही जोडी पाहा. दोघांतलं अंतर सहा अर्धस्वरांचं, म्हणजे बरोबर अर्धं सप्तक. यालाच ट्रायटोन म्हणतात. मध्ययुगीन चर्चने या अंतराला सैतानाचं म्हणून बंदी घातली होती, ही कथा फार लोकप्रिय आहे. अशा बंदीचा पुरावा मिळत नाही. जुन्या गायनशिक्षणात हे अंतर टाळायला सांगत, कारण ते गायला अवघड आणि कानाला अस्थिर. सैतानाशी त्याचं नाव जोडलेलं दिसतं ते थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत.

जॅझला या अंतराचा दुसराच गुण उपयोगी पडला. अर्धं सप्तक उलटं केलं तरी अर्धंच राहतं. मपासून वरच्या नीपर्यंत सहा अर्धस्वर, आणि नीपासून वरच्या मपर्यंतही सहाच. त्यामुळे ही एकच जोडी दोन कॉर्ड्सची असू शकते. पवरच्या कॉर्डमध्ये नि तिसरा आणि म सातवा. कोमल रेवरच्या त्याच जातीच्या कॉर्डमध्ये स्वर येतात कोमल रे, म, कोमल ध आणि नि. इथे म तिसरा झाला आणि नि सातवा. पेटीवर दोन्हींतली म-नि ही पट्ट्यांची जोडी तीच राहते. पवरच्या कॉर्डऐवजी ही कॉर्ड वाजवणं म्हणजे ट्रायटोन सब्स्टिट्यूशन. ‘कुठलीतरी विचित्र कॉर्ड घुसवली’ असं जे वाटतं, ते इथे चुकतं. ज्या दोन स्वरांमुळे घराची ओढ निर्माण होते, ते जागचे हललेलेच नसतात. हलतो तो बेस. आधी रे, प, सा अशा उड्या होत्या. आता रे, कोमल रे, सा अशी सरळ उतरण मिळते.

कर्न यांच्या गाण्याच्या पहिल्या ओळीत हे सगळं करून पाहता येतं. सुरुवातीच्या पाच कॉर्ड्स उभ्या आहेत ध, रे, प, सा आणि म या स्वरांवर. म्हणजे टू-फाइव्ह-वन तिच्यात आलंच. त्यांच्यावर चालीतले मुख्य स्वर येतात सा, म, नि, ग, ध. जुळवून पाहिलं तर प्रत्येक वेळी चाल त्या कॉर्डच्या तिसऱ्या स्वरावर बसलेली दिसते. तिसऱ्या मात्राखंडात, पवरच्या कॉर्डवर, चाल चार ठोक्यांना चार वेळा तोच नि म्हणते. तिथे कोमल रेवरची कॉर्ड ठेवली तर तोच नि तिसऱ्याचा सातवा होतो. गायिकेला काहीच बदलावं लागत नाही, पण तिच्या स्वराचा रंग बदलतो. आधी उजळ वाटणारा नि आता गडद आणि किंचित उदास वाटतो.

पुढे तर कर्न षड्जच बदलतात. जुना ग नवा सा होतो आणि नव्या घरात नेणारी कॉर्ड पुन्हा पवरची, चालीत पुन्हा मुख्य स्वर नि. मूर्च्छना ठाऊक असलेल्या वाचकाला ही खेळी लगेच ओळखू येईल. त्या पवरच्या कॉर्डच्या आधीची कॉर्ड नव्या षड्जाच्या हिशेबात कोमल रे, म, कोमल ध, सा अशी असते. इथे सब्स्टिट्यूशन करायचं तर फक्त त्यातला सा नीवर उतरवायचा. बेस जागेवर, तीन बोटं जागेवर. एवढ्यावर पर्यायी कॉर्ड तयार, आणि पुढच्या मात्राखंडात बेस कोमल रेवरून नव्या सावर अलगद टेकतो. रीहार्मनायझेशन म्हणजे कॉर्ड्सची गर्दी, हा समज दूर करायला ही एक जागा पुरेशी आहे.

मग पवरच्या जातीची कुठलीही कॉर्ड अशी बदलता येते का? नाही. पहिली अट म्हणजे ती घराकडे निघालेली हवी. ब्लूजमध्ये सावरच त्या जातीची कॉर्ड असते, ती बहुतेक वेळा तिथेच मुक्कामाला असते. तिची अदलाबदल केली तर घरच नाहीसं होतं. दुसरी अट चालीची. पवरच्या कॉर्डवर चाल प म्हणत असेल तर नव्या कॉर्डवर तो झळाळता, ताणलेला स्वर होतो आणि छान लागतो. रे असेल तर नव्या मूळ स्वराला घासतो. ओझरता चालतो, लांबवला की बोचतो. सा असेल तर मात्र तो कॉर्डमधल्या नि आणि कोमल रे यांच्या मधोमध अडकतो आणि दोन्हीकडून घासतो. तिथे मूळ कॉर्डच ठेवलेली बरी.

बेसवादकाला न सांगता पियानोवादकाने असा बदल केला तर गाणं कोसळतं, अशीही भीती घातली जाते. प्रत्यक्षात बेसने प धरला आणि वर कोमल रे, म, कोमल ध, नि वाजले, तर ती पवरचीच जास्त ताणलेली कॉर्ड ऐकू येते. उतरणीची मजा जाते, एवढंच नुकसान.

हे सगळं नंतरच्या वादकांनी जुन्या गाण्यांवर लादलं, असंही नाही. ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांच्या १९५३ सालच्या ‘सॅटिन डॉल’मध्ये घरी पोचण्याच्या अगदी आधी कोमल रेवरची कॉर्ड रचनेतच आहे, आणि तिच्या आधी तिची स्वतःची ‘टू’ कॉर्डही. उलट टोकाला जॉन कोल्ट्रेन यांचं ‘काउंटडाउन’. ‘ट्यून अप’ या रचनेतल्या साध्या टू-फाइव्ह-वनच्या आत त्यांनी आणखी दोन दूरच्या षड्जांना भेट देऊन परत येण्याची वाट बसवली. तिथे कॉर्ड्सची दाटी आहेच, पण निघण्याची आणि पोचण्याची ठिकाणं मूळचीच ठेवलेली आहेत.

एखाद्या ओळखीच्या गाण्यावर हे करून पाहायचं असेल तर डाव्या हाताने फक्त बेसचा स्वर वाजवावा, उजव्या हाताने तिसरा आणि सातवा, आणि चाल तोंडाने म्हणावी, अगदी सावकाश. म्हणताना गळा आपोआप शेजारच्या पट्टीकडे ओढला जाऊ लागला, तर त्या जागेचा बदल काढून टाकावा.