परत आलेल्या बुटाचं करायचं काय?

भिवंडीच्या एखाद्या गोदामात ग्राहकाने परत पाठवलेला बूट येतो. कार्यपद्धतीच्या कागदावर ‘माल चांगला असल्यास स्टॉकमध्ये घ्यावा’ एवढंच असेल, तर सकाळच्या पाळीत पास झालेला बूट रात्रपाळीत नापास होतो. नव्या कामगाराने ‘चांगला’ ठरवायचं तरी कशावरून?

म्हणून डोळ्यांना दिसणारी खूण लिहावी लागते. पार्सलचा बारकोड स्कॅन करा, दोन्ही बुटांचे नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा, मग तळवे उलटून पाहा. माती किंवा घासल्याची रेघ दिसली, तर लाल क्रेट. शेजारी पास आणि नापास तळव्यांचे फोटो चिकटवले की निम्मे वाद मिटतात.

क्रमही महत्त्वाचा. तपासणीआधीच स्टॉक वाढवला, तर संगणक तोच मळका बूट पुढच्या ग्राहकाला विकून मोकळा होतो!

शंकेच्या मालासाठी पिवळा क्रेट हवाच, आणि तो कोण, कधी रिकामा करणार हेही लिहिलेलं हवं. नाहीतर तो आठवडाभर तुंबतो. मसुदा झाला की तेच दहा बूट दोन नवख्यांना वेगवेगळे तपासायला द्यावेत. जिथे दोघांचे क्रेट वेगळे पडतील, तिथलं वाक्य पुन्हा लिहायचं.