पाच की सहा, पस्तीस की एकोणपन्नास

३५ आकड्यांतून ५ निवडायचे असतील, तर क्रम न मोजता ३,२४,६३२ संच होतात आणि जॅकपॉट त्यांतल्या एकालाच लागतो. निवड ६ केली, की प्रत्येक संचाला उरलेल्या ३० पैकी एक आकडा जोडता येतो. पण असा प्रत्येक नवा संच सहा वेळा मोजला जातो, म्हणून संख्या ३० भागिले ६, म्हणजे पाचच पट वाढते. खरी झेप आकडे ४९ केल्यावर दिसते: १,३९,८३,८१६ संच, आणखी साडेआठ पटींहून अधिक, कारण आकड्यांतली वाढ सहाही निवडींत गुणली जाते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीने २०१५मध्ये ४९ चे ५९ आकडे केले, तेव्हा जॅकपॉटची शक्यता सुमारे साडेचार कोटींत एक इतकी घसरली.