प्रेक्षक काय शोधत आले?

उकडीच्या मोदकांचा आठ मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि शीर्षक दिलं ‘आजीच्या हातचे पारंपरिक मोदक’. आता दुसरा व्हिडिओ करायचाय. त्याचं शीर्षक सुचायची वाट बघण्याआधी, पहिल्या व्हिडिओपर्यंत लोक काय शोधत आले ते पाहावं.

यूट्यूब स्टुडिओत तो व्हिडिओ उघडून Analytics मधल्या Reach या भागात जा. प्रेक्षक कुठून आले, त्याची यादी तिथे असते. त्यातलं YouTube search उघडलं की लोकांनी टाइप केलेले शब्द, त्यावरून आलेले व्ह्यूज आणि व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला, हे ओळीने दिसतं. कालावधी 90 दिवसांचा ठेवा. चार-पाच व्ह्यूजवरून काही ठरवू नये.

समजा, ‘modak recipe’ वरून 400 जण आले, पण सरासरी मिनिटभरच थांबले. ‘modak ka futtat’ वरून 60 जणच आले, पण पाच मिनिटं थांबले. नजर आधी 400 वर जाते. मात्र त्यांतल्या कुणाला माव्याचे मोदक हवे असतील, कुणाला तळणीचे. ते लगेच निघून जातात. त्या 60 जणांची अडचण नेमकी होती आणि उकड गरम असतानाच, पाण्या-तुपाचा हात लावून मळायची, हे उत्तर त्यांना व्हिडिओत मिळालं. म्हणून पुढचा व्हिडिओ याच प्रश्नावर करावा: ‘उकडीचे मोदक का फुटतात? उकड अशी मळा’. मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून प्रश्न सुरुवातीलाच हवा. बहुतेकांनी रोमन लिपीत टाइप केलं असेल, तर ‘Ukadiche Modak’ हे शब्द शेवटी एकदा जोडावेत.

यादी वाचताना चॅनेलचं नाव किंवा जुन्या व्हिडिओचं शीर्षक टाइप करून आलेले बाजूला काढा. ते तुम्हाला आधीच ओळखतात. शिवाय या यादीत फक्त तुमच्यापर्यंत पोहोचलेल्यांचे शब्द असतात. ज्यांनी शोधलं पण तुमचा व्हिडिओ उघडला नाही, ते इथे दिसत नाहीत. आणि एकूण व्ह्यूजमध्ये शोधातून आलेल्यांचा वाटा अगदीच कमी असेल, तर या शब्दांवर फार विसंबू नका. अशा वेळी बहुतेकांना तुमचा व्हिडिओ यूट्यूबच सुचवत असतो.

नवा व्हिडिओ टाकल्यावर काही आठवड्यांनी त्याचीही हीच यादी उघडा. ‘का फुटतात’ विचारणारे आले आणि थांबले, तर शीर्षक जमलं. आले पण लगेच गेले, तर उत्तर व्हिडिओत फार उशिरा येतंय. असं असेल तर शीर्षकाला हात न लावता पुढच्या वेळी उत्तर पहिल्याच मिनिटात द्या.