मधेच भाडेवाढ? आधी करारनामा उघडा

मानखुर्दमध्ये भाड्याने राहणाऱ्या बहुतेक घरांत लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असतो. तरी मधेच घरमालकाचा निरोप येतो, "पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त द्या." पालक मुलांची शाळा मध्यावर सोडवणे टाळतात आणि गप्प पैसे देतात. "आपल्याच माणसाला पत्र कसले लिहायचे?" असेही म्हटले जाते. पण पत्र म्हणजे भांडण नव्हे. बोलणे विसरले जाते, लिहिलेले राहते.

समजा, करार १ जून ते ३० एप्रिलचा आहे, भाडे १२,००० रुपये, आणि डिसेंबरपासून १४,००० मागितले. पाच महिन्यांचे १०,००० रुपये जास्त होतात. आधी करारात तीन गोष्टी पाहा: भाड्याची रक्कम, मुदतीत वाढ करण्याचे कलम आणि करार संपवण्याची नोटीस. वाढीचे कलम नसेल, तर दोघांच्या संमतीशिवाय रक्कम बदलत नाही.

पत्र चार ओळींचे पुरते:

"आपण डिसेंबरपासून दरमहा १४,००० रुपये मागितले आहेत. आपल्या करारात ३० एप्रिलपर्यंत भाडे १२,००० ठरले असून मुदतीत वाढीची तरतूद नाही. म्हणून ही वाढ मला मान्य नाही. ठरलेले भाडे मी वेळेवर देत राहीन. नव्या भाड्याचे नवा करार करताना बोलू."

तारीख घालून सही करा. एक प्रत हातोहात देऊन दुसरीवर पोच घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. भाडे मात्र ठरलेल्या तारखेला बँकेतूनच भरा. थकबाकी झाली तर आपलीच बाजू लंगडी पडते. वाढीव रक्कम एकदा निमूटपणे दिली, तर ती संमती होती असा दावा पुढे होऊ शकतो.

या पत्राची मर्यादाही समजून घ्या. अनेक करारांत दोन्ही पक्षांना एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येतो. 'लॉक-इन' म्हणजे ठरावीक काळ कुणीही करार मोडायचा नाही, अशी अट नसेल, तर घरमालक वाढीऐवजी नोटीस देऊ शकतो. तेव्हा डिसेंबरातच घर शोधावे लागेल. हे कलम आधी वाचले, तर ठामपणे नकार द्यायचा की थोडे सामोपचाराने बोलायचे, हे ठरवता येते. मुदत संपल्यावर मात्र अडून बसू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार तेव्हा दुप्पट रक्कम भरण्याचा आदेश होऊ शकतो.

करार नोंदणीकृत नसेल तर? याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणून दर महिन्याला १२,००० भरल्याच्या बँकेच्या नोंदी सांभाळा.

नवा करार करताना वाढीचे आणि लॉक-इनचे कलम सही करण्यापूर्वीच वाचून, बोलून घ्या.